वरणासोबत भात नसेल तर प्रथिनं अपुरी पडतात का?

प्रश्न: "आई ६४ वर्षांची, पूर्ण शाकाहारी, अंडंही खात नाही. डायबेटिस निघाल्यावर सहा महिन्यांपूर्वी तिने दोन्ही वेळचा भात बंद केला. वजन ६२ वरून ५८ किलोवर आलंय, मांड्या बारीक झाल्यात, खुर्चीतून उठताना हाताचा आधार घेते. सकाळी चहा-बिस्किटं, मग पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण, थोडं ताक, रात्री एक भाकरी आणि पालेभाजी एवढं खाते. मावशी म्हणते, डाळ-भात एकत्र खाल्ल्याशिवाय शाकाहारी माणसाला पूर्ण प्रोटीन मिळतच नाही. खरंच तसं आहे का? स्नायू टिकवायला नक्की काय करायचं?"

मावशींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, पण ज्या अर्ध्यावर तुम्ही निर्णय घ्यायला निघाला आहात ते चुकीचं आहे. डाळ आणि धान्य एकमेकांची उणीव भरून काढतात हे खरं. पण ते धान्य तांदूळच हवं असं नाही आणि ते डाळीबरोबर एकाच घासात किंवा एकाच जेवणात पोटात जायला हवं असंही नाही. आईंच्या ताटात पोळी आहे, भाकरी आहे, पोहे आहेत. डाळीला जोडीदार मिळालेला आहे. त्यांचं जे बिघडलं आहे ते वेगळ्याच ठिकाणी, आणि भात सोडण्याशी त्याचा संबंध आहे, पण मावशी समजतात तसा नाही.

आधी जोडीचा मुद्दा नीट पाहू. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांतली नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. लोकांचा असा समज असतो की डाळीत यांतली काही नसतातच आणि तांदळात दुसरी काही नसतात. तसं नाही. तुरीच्या डाळीत नऊही आहेत, तांदळात नऊही आहेत, ज्वारीतही आहेत. फरक प्रमाणाचा आहे. धान्यांत लायसीन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं, डाळींत मेथिओनीन आणि त्याचं भावंड सिस्टीन कमी पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ माणसाच्या आहारातल्या प्रत्येक ग्रॅम प्रथिनात साधारण ४५ मिलिग्रॅम लायसीन असावं. तुरीच्या किंवा मुगाच्या डाळीत ते ६५ ते ७० च्या आसपास असतं, तांदळात ३६-३८, गव्हात त्याहून कमी आणि ज्वारीत सर्वांत कमी, वीसच्या जरा वर. म्हणजे नुसत्या धान्यावर राहणाऱ्याला डाळीची गरज फार मोठी आहे. डाळीला धान्याची गरज त्या मानाने थोडी आहे आणि आपल्याकडे धान्य कमी खाणारा शाकाहारी सहसा सापडत नाही.

एकाच जेवणात दोन्ही हवीत, ही समजूत कुठून आली? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उंदरांवर प्रयोग झाले. वाढीच्या वयातल्या उंदरांना एकच प्रथिन, उदाहरणार्थ मक्यातलं झीन, देऊन पाहिलं तर त्यांची वाढ थांबायची, आणि उणीव असलेलं अमिनो आम्ल वेगळं घातलं की ते पुन्हा वाढू लागायचे. प्रयोग उत्तम होते. पण वाढणारा उंदीर एकाच प्रथिनावर ठेवणं आणि मोठ्या माणसाने दिवसभरात पाच-सात पदार्थ खाणं यांत फार अंतर आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत शाकाहारावरचं एक पुस्तक खूप गाजलं, त्यात प्रत्येक जेवणात जोड्या जुळवण्याचा आग्रह होता आणि तिथून ही कल्पना जगभर पसरली. त्याच लेखिकेने दहा वर्षांनी काढलेल्या सुधारित आवृत्तीत हा आग्रह मागे घेतला. दुरुस्ती मात्र पहिल्या कल्पनेइतकी पसरली नाही.

शरीरात प्रत्यक्षात काय घडतं ते पाहिलं की घासातली जोडी का लागत नाही हे कळतं. आपलं शरीर रोज साधारण २५० ते ३०० ग्रॅम प्रथिनं मोडतं आणि जवळपास तेवढीच पुन्हा बांधतं. ही आपल्या खाण्यातल्या प्रथिनांच्या कितीतरी पट आहेत. शिवाय आतड्यात रोज पाचक रस आणि झडलेल्या पेशींमधून बरीच प्रथिनं उतरतात, तीही पचून पुन्हा शोषली जातात. रक्तात आणि स्नायूंत मोकळ्या अमिनो आम्लांचा साठा फिरत असतो. दुपारच्या उसळीतलं लायसीन आणि रात्रीच्या भाकरीतलं मेथिओनीन या साठ्यात एकत्र येतात. हा साठा काही तासांचं अंतर सहज भरून काढतो. दिवसेंदिवस मात्र नाही, कारण चरबी साठते तशी प्रथिनं पुढच्या आठवड्यासाठी साठत नाहीत. म्हणून हिशोब दिवसाचा धरायचा. लहान मुलांच्या बाबतीत मी थोडी कडक असते. त्यांचं पोट लहान, वाढ वेगात आणि खाणं बेभरवशाचं, त्यामुळे त्यांना शक्यतो प्रत्येक जेवणात डाळ, दूध असं काहीतरी असावं असं सांगते. मोठ्यांना ते बंधन नाही.

आता आईंचं ताट. तुम्ही लिहिलंय त्यावरून अंदाज बांधते. दोन चहांतलं दूध मिळून ५ ग्रॅम प्रथिनं, बिस्किटांचं १. पोह्यांत चार शेंगदाणे धरले तरी ५. दुपारी दोन पोळ्यांचे ६, भाजीचे २, ताकाचे दीड. वरणाच्या वाटीत बहुतेक घरांत १५ ग्रॅमच्या आसपास कोरडी डाळ असते, बाकी पाणी, म्हणजे ३ ग्रॅम. रात्री भाकरीचे ५ आणि पालेभाजीचे २. सगळं मिळून ३० ते ३१ ग्रॅम. ५८ किलोच्या निरोगी माणसाला किमान सुरक्षित म्हणून जे प्रमाण धरतात, दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, त्यानेच ४८ ग्रॅम होतात. आपल्या धान्यप्रधान आहारात प्रथिनांचा दर्जा थोडा खालचा असतो म्हणून राष्ट्रीय पोषण संस्था अशा आहारासाठी दर किलोला १ ग्रॅम धरायला सांगते. साठीच्या पुढे स्नायू टिकवायचे असतील तर १ ते १.२ ग्रॅम असावं असं वयोवृद्धांच्या आहारावर काम करणारे तज्ज्ञ म्हणतात. म्हणजे आईंना ५८ ते ७० ग्रॅम लागतात आणि मिळतात त्याच्या निम्म्याने.

लायसीनचाही हिशोब करू, कारण मावशींचा मुद्दा तिथेच तपासता येतो. दर किलोला ३० मिलिग्रॅम या दराने आईंना रोज सुमारे १,७४० मिलिग्रॅम लागतं. वरच्या आहारातून ते १,३०० ते १,४०० मिळतं. म्हणजे कमी आहे! यात एक वाटी भात वाढवला, साधारण ४० ग्रॅम तांदळाचा, तर ११० मिलिग्रॅमच्या आसपास भर पडेल. त्याऐवजी ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण वाढवलं तर ४०० च्या वर. उणीव धान्याची नाहीच, डाळीची आणि दुधाची आहे. 'पूर्ण' हा शब्द दर्जाबद्दल बोलतो, तो किती मिळालं ते सांगत नाही. भरपूर भातावर पातळ वरण घेतलं तर अमिनो आम्लांचं प्रमाण बऱ्यापैकी जुळतं, पण त्या ताटात एकूण प्रथिनं आठच ग्रॅम असू शकतात. मी पाहिलेल्या बहुतेक शाकाहारी घरांत अडचण हीच असते.

मग भात सोडण्याचा संबंध कुठे येतो? दोन्ही वेळचा मिळून त्या १०० ग्रॅम तांदळाचा भात खात असतील असं धरू. तो गेला तेव्हा रोजच्या साडेतीनशे कॅलरी गेल्या आणि ७-८ ग्रॅम प्रथिनंही गेली. त्या जागी काहीच आलं नाही. ताट लहान झालं. आता जे उरलंय ते माझ्या अंदाजाने दिवसाला ११०० कॅलरींच्या आसपास आहे. ऊर्जाच कमी पडते तेव्हा खाल्लेल्या प्रथिनांतला काही भाग शरीर इंधन म्हणून जाळतं आणि स्नायूंतूनही काढून घेतं. म्हणजे आधीच कमी असलेले ३० ग्रॅमही पूर्ण कामी येत नाहीत. साखरेसाठी भात कमी करणं योग्यच होतं, फक्त त्या जागी डाळ, उसळ, दही, पनीर यायला हवं होतं. डायबेटिस निघाल्यावर 'हे बंद, ते बंद' एवढंच सांगितलं जातं आणि काय वाढवायचं ते कोणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. यातून अनेक म्हातारी माणसं साखर आटोक्यात ठेवून अशक्त होतात.

आणखी एक शक्यता तपासून घ्या. सहा महिन्यांत न ठरवता वजनाचा पाच टक्क्यांहून अधिक भाग जाणं हे डॉक्टरांना दाखवण्याजोगं आहे आणि आईंचं साडेसहा टक्के गेलंय. साखर अजून चढलेली असेल तर तेवढ्यानेही स्नायू झिजतात, कारण स्नायूंची मोडतोड रोखणं हे इन्सुलिनच्या कामांपैकी एक आहे. एचबीए१सी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ आणि ड जीवनसत्त्व बघून घ्या. त्याच वेळी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिनही तपासा. हे विसरू नका. डायबेटिसमध्ये मूत्रपिंडांवर परिणाम झालेला असू शकतो आणि तसं असेल तर पुढे मी सांगते आहे तेवढी प्रथिनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाहीत.

मूत्रपिंडं ठीक आहेत असं धरून ताट असं बदलता येईल. सकाळी पोह्यांऐवजी ५० ग्रॅम मुगाच्या डाळीची दोन धिरडी आणि अर्धी वाटी दही, त्यातून १५ ग्रॅम. दुपारी दोन लहान पोळ्या, भाजी, वाटीभर दही आणि मटकीची किंवा चवळीची घट्ट उसळ, भिजवण्याआधी ४० ग्रॅम मोजलेली. हे झाले २२ ग्रॅम. चारच्या चहाबरोबर बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे, मिळून ७. रात्री भाकरी, डाळ घातलेली पालेभाजी आणि ५० ग्रॅम पनीर, त्यातून २०. एकूण ६४ ग्रॅम, म्हणजे दर किलोला १.१. पनीर रोज नको असेल तर त्या जागी २० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भिजवून भाजीत घाला, तेवढ्यातही ९-१० ग्रॅम मिळतात. दुपारी अर्धी वाटी भात खावासा वाटला तर एक पोळी कमी करून खाऊ द्या, त्याने काही बिघडत नाही. आणि यात ज्वारीची भाकरी उसळीबरोबर खाल्ली की पालेभाजीबरोबर, हे मोजायची गरज उरत नाही. एवढ्या डाळी आणि दूध पोटात गेल्यावर लायसीन गरजेहून बरंच वर जातं.

डाळ मोजताना वाटी मोजू नका, कोरडी डाळ मोजा. पहिले चार दिवस स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलीत की हात बसतो. आणि हे सगळं एका दिवसात बदलू नका. ज्यांच्या पोटाला १५ ग्रॅम डाळीची सवय आहे त्यांना एकदम १०० ग्रॅम कडधान्यं दिली तर पोट फुगेल आणि आठवड्याभरात त्या सगळंच नको म्हणतील. दर आठवड्याला एकच जेवण बदला. कडधान्य रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, पूर्ण मऊ शिजवा. कच्ची मोड आलेली कडधान्यं या वयात अनेकांना पचत नाहीत. साखर उतरवणारी काही औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणातले पिष्टमय पदार्थ कमी होताना साखर जास्त खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर जाणवली तर लगेच साखर मोजा आणि औषधाचा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

सकाळ-दुपार-रात्र अशी वाटणी मुद्दाम केली आहे. वय वाढतं तसे स्नायू थोड्याशा प्रथिनांना दाद देईनासे होतात. तरुणाला एका जेवणातल्या १५ ग्रॅमनेही बांधणी सुरू करता येते, साठीनंतर त्यासाठी जास्त लागतात, साधारण २० ते २५. विशेषतः ल्युसीन हे अमिनो आम्ल पुरेसं लागतं. ते दूध, दही, पनीर आणि सोयाबीनमध्ये चांगलं असतं. म्हणून दिवसभर तीन-तीन ग्रॅम चिमटीने खाण्यापेक्षा निदान दोन जेवणं भरभक्कम करणं अधिक उपयोगाचं. जोड्या जुळवण्यावर जितका विचार खर्च होतो तेवढा या गोष्टीवर झाला तर खरंच फरक पडेल.

पण एवढं सगळं खाऊनही आई दिवसभर खुर्चीत बसून राहिल्या तर मांड्या भरणार नाहीत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं होतं, प्रथिनं शिफारशीएवढी चालू होती, तरी त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. त्याआधी १९९४ मध्ये बॉस्टनमधल्या वृद्धाश्रमातल्या १०० जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सरासरी वय ८७. काहींना दहा आठवडे वजन वापरून पायांचे व्यायाम दिले, काहींना नुसतं पोषक पेय दिलं, काहींना दोन्ही. व्यायाम केलेल्यांची ताकद दुपटीच्या वर गेली, नुसत्या पेयाने ताकदीत काहीच फरक पडला नाही. स्नायू टिकवायचा की सोडायचा हे शरीर त्याच्यावर भार पडतो का यावरून ठरवतं, प्रथिनं त्या कामाला सामान पुरवतात.

शाकाहाराचं काय, असं विचाराल तर ब्राझीलमध्ये झालेला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे लागू पडतो. दूधही न घेणारे तरुण आणि मांसाहारी तरुण, दोघांनाही दर किलोला १.६ ग्रॅम प्रथिनं मिळतील अशी व्यवस्था केली. कमी पडली ती एका गटाला सोयाबीनमधल्या, दुसऱ्याला दुधातल्या प्रथिनांच्या पावडरीतून दिली. तीन महिने वजनांचा व्यायाम केल्यावर दोन्ही गटांत स्नायूंची वाढ सारखीच झाली. हे तरुणांवर झालं, ६४ वर्षांच्या बाईंवर नाही, हे लक्षात ठेवायला हवं. तरी मांस, अंडी किंवा डाळ-भाताची ठरावीक जोडी नसली म्हणून स्नायू अडत नाहीत, एवढं त्यातून कळतं.

आईंसाठी सुरुवात साधी ठेवा. भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची, शक्यतो थोडी उंच, लागलीच तर वर उशी. हात छातीवर घेऊन उठायचं, हळू, तीन अंक मोजत बसायचं. आठ ते बारा वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून असे दोन फेरे, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. शेवटचे दोन-तीन वेळा जड गेले पाहिजेत, ते सोपे झाले की उशी काढा, मग हातात लिटरभर पाण्याची बाटली द्या. त्याच दिवशी ओट्याला धरून टाचा उचलणं आणि भिंतीला हात लावून दंड काढल्यासारखं ढकलणं. श्वास रोखून जोर लावू देऊ नका. डोळ्यांच्या पडद्यावर डायबेटिसचा परिणाम झालेला असेल तर जोराचे व्यायाम आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून करा. रोज चालत असतील तर चालू ठेवा, साखरेला ते उत्तम आहे. पण सपाट रस्त्यावर चालताना मांड्यांवर फारसा भार येत नाही, म्हणून रोज तासभर चालणारी माणसंही खुर्चीतून उठताना अडखळलेली दिसतात.

काम होतंय की नाही हे वजनकाटा एकटा सांगणार नाही. आज घड्याळ लावून खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा. आशियाई लोकांसाठीच्या निकषात १२ सेकंद किंवा अधिक लागले तर शारीरिक क्षमता कमी समजतात. जमलंच नाही तर तेही लिहा. पोटरीचा सर्वांत जाड भागाचा घेर टेपने मोजा, बायकांत तो ३३ सेंटिमीटरच्या खाली असेल तर स्नायू कमी असण्याची शक्यता धरतात, फक्त पायांवर सूज असेल तर हे माप फसवं ठरतं. दोन्ही मापं आठ आठवड्यांनी पुन्हा घ्या. सेकंद आधी कमी होतात, घेर नंतर हलतो, कारण सुरुवातीची ताकद नसा आणि स्नायूंचा मेळ सुधारल्याने येते. सेकंद कमी झाले आणि वजन ५८ वरच थांबलं तर मी समाधानी असेन. दोन महिन्यांत काहीच हललं नाही तर आधी डाळ पुन्हा काट्यावर मोजा, कारण बहुतेक वेळा वरण गुपचूप पुन्हा पातळ झालेलं असतं. ते ठीक असेल आणि वजन तरीही उतरत असेल तर आहारात आणखी बदल करत बसू नका, डॉक्टरांकडे जा.